लस दंडात, सीरम जखमेत

प्रश्न : रविवारी संध्याकाळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताला कुत्र्याचं एक भटकं पिल्लू चावलं. तर्जनीवर दोन बारीक छिद्रं, मनगटाजवळ एक ओरखडा, रक्त जेमतेम आलं. मी नळाखाली हात धुतला, त्याच रात्री दंडात लस दिली आणि बुधवारी दुसरा डोसही झाला. आज गुरुवार. पहिल्या दिवशी दवाखान्यात सीरमचा विषय निघाला होता, पण "आमच्याकडे नाही, मोठ्या हॉस्पिटलात मिळेल, आणि जखम तशी बारीकच आहे," असं म्हणाले. यजमान म्हणतात, लस चालू आहे ना, मग घोड्याच्या रक्ताचं ते औषध कशाला, त्याची रिअ‍ॅक्शन येते. सासूबाई म्हणतात, एवढंसं पिल्लू, त्याला कुठला आलाय रेबीज! मंगळवारपर्यंत ते दिसत होतं, काल आणि आज दिसलं नाही. शेजारच्या मुलीला मागे दोन्ही दंडांत छोटी छोटी इंजेक्शनं दिली होती, याला एकाच दंडात देतात, ते बरोबर आहे ना? पिल्लाला बाजूला करताना ते माझाही हात चाटत होतं, बोटाला सुरीने कापलेलं होतं; पण मला काही ते चावलं नाही. मुलाला सीरम द्यावं की नाही?

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमचा मेल आला त्याच दुपारी मी दोन ओळी पाठवल्या होत्या : मुलाला आजच सीरम द्या, आणि तुम्ही स्वतःही दाखवा. पत्रातला दिवसांचा हिशोब पाहता सविस्तर उत्तराची वाट बघत बसण्यासारखी परिस्थिती नव्हती. आता ते "आजच" का आणि "तुम्हीही" का, हे नीट सांगतो. अशा अर्ध्यावर थांबलेल्या उपचारांची पत्रं मला बरीच येतात.

सुरुवात "लस चालू आहे ना" या वाक्यापासून करू, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. लस म्हणजे मेलेला विषाणू. तो शरीराला दाखवायचा आणि त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं शरीराने स्वतः तयार करायची. ती पुरेशी तयार व्हायला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. रेबीजचा विषाणू सहसा एवढी घाई करत नाही. चावलेल्या जागी तो काही काळ स्नायूत राहतो, मग जवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्याच्या आतून मेंदूकडे सरकत राहतो. लक्षणं दिसायला बहुतेकदा एक ते तीन महिने जातात, म्हणूनच चावल्यानंतर दिलेली लस उपयोगी पडते. पण "बहुतेकदा" म्हणजे "नेहमी" नाही. काही रुग्णांत हा काळ फार थोडा असतो. चावा मेंदूच्या जवळ असेल, म्हणजे डोकं, चेहरा, मान यांवर असेल, किंवा हाताच्या बोटांसारख्या मज्जातंतूंनी गच्च भरलेल्या जागी असेल, तर धोका जास्त धरतात. एकदा विषाणू मज्जातंतूच्या आत गेला की रक्तातली प्रतिद्रव्यं त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत, आणि लक्षणं सुरू झाल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

म्हणजे पहिला आठवडाभर शरीर निःशस्त्र असतं. ती पोकळी सीरम, म्हणजेच रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, भरून काढतं. त्यात तयार प्रतिद्रव्यं असतात. ती थेट जखमेत आणि जखमेच्या कडांत सोडली की विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधीच जागच्या जागी निकामी होतो. लस पुढच्या काळासाठी आणि सीरम या आठवड्यासाठी, अशी ही वाटणी आहे. एक दिलं म्हणून दुसरं नको, असं यात नसतं.

आता "जखम बारीक आहे" याविषयी. दवाखान्यातल्यांनी तसं म्हणायला नको होतं, हे माझं स्पष्ट मत आहे. रेबीजच्या दृष्टीने जखम किती मोठी आहे हे फारसं पाहत नाहीत, कातडी फुटली का ते पाहतात. धडधाकट कातडीला जनावर नुसतं चाटलं, आपण त्याला कुरवाळलं किंवा भरवलं, तर ती पहिली श्रेणी. तिथे हात धुतले की काम झालं. रक्त न येता वरवर खरचटलं किंवा दातांनी नुसतं कुरतडलं तर दुसरी श्रेणी, आणि तिला लस पुरते. दात आत गेला, ओरखड्यातून रक्त आलं, फुटलेल्या कातडीला किंवा डोळे, ओठ, तोंडाच्या आतल्या ओल्या त्वचेला लाळ लागली, की तिसरी श्रेणी. तिला लस आणि सीरम दोन्ही लागतात. तुमच्या मुलाच्या बोटावर दोन छिद्रं आहेत आणि रक्त आलं आहे. जेमतेम आलं की भळाभळा, याने श्रेणी बदलत नाही. उलट पिल्लांचे दात सुईसारखे असतात, बाहेरून टिंब दिसतं आणि आत ते बरंच खोल गेलेलं असतं. अशा जखमेत पाणीही नीट पोहोचत नाही.

श्रेणी तिसरी, तेव्हा सीरम हवंच. प्रश्न उरतो तो आज गुरुवारी उशीर झाला का, एवढाच. झालेला नाही. इथे लोकांचा फार गोंधळ होतो, म्हणून हिशोब मांडून दाखवतो. सीरमची मुदत चावल्यापासून मोजत नाहीत, लसीच्या पहिल्या डोसापासून मोजतात. तो दिवस शून्य धरायचा. तुमचा रविवार शून्य, बुधवार तिसरा दिवस, येणारा रविवार सातवा. सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिद्रव्यं तयार व्हायला लागलेली असतात आणि बाहेरून ओतलेली प्रतिद्रव्यं त्या कामात लुडबूड करू शकतात. अर्थात रविवारपर्यंत चालतं म्हणून रविवारी जायचं नाही. जितकं लवकर तितकं बरं, कारण विषाणूला मज्जातंतूबाहेर गाठायचं आहे. छिद्रं बुजली असतील, वर खपली धरली असेल, तरी त्याच जागी सीरम द्यायचं असतं. "जखम भरली, आता कुठे टोचणार," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

मुलाचं वजन तुम्ही कळवलेलं नाही. समजायला सोपं जावं म्हणून 24 किलो धरू. घोड्यापासून केलेलं सीरम किलोमागे 40 युनिट देतात, म्हणजे 960 युनिट. कुपीत एका मिलिलिटरला 300 युनिट असतील तर ते 3.2 मिलिलिटर होतं. माणसाच्या रक्तापासून केलेलं सीरम किलोमागे 20 युनिट, म्हणजे 480. त्याच्या कुपीत मिलिलिटरला 150 युनिट असतील तर तेही 3.2 मिलिलिटरच. कुपीवरची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून डॉक्टर आधी लेबल वाचतील आणि मुलाचं वजन तिथेच करतील. तुम्ही अंदाजाने सांगू नका. हल्ली प्रयोगशाळेत बनवलेल्या एकाच जातीच्या किंवा दोन जातींच्या प्रतिद्रव्यांची औषधंही मिळतात. त्यांचं किलोमागचं प्रमाण वेगळं असतं, वापर मात्र तोच.

हा आकडा म्हणजे जास्तीत जास्तची मर्यादा. तेवढं सगळं बोटात जाणार नाही, जायलाही नको. बोटाच्या पेरात जागाच कुठे असते? डॉक्टर बारीक सुईने प्रत्येक छिद्राच्या कडेला आणि तळाशी सावकाश थोडं थोडं सीरम सोडतील. कातडी ताणून पांढरी पडायला लागली की थांबायचं, नाहीतर आत दाब वाढून बोटाचा रक्तपुरवठा अडतो. मनगटाजवळच्या ओरखड्यालाही सोडायचं. ज्याला अनेक चावे आहेत आणि मोजलेलं सीरम अपुरं पडतंय, त्याच्यासाठी ते सलाइनमध्ये दुप्पट-तिप्पट करून घेतात, म्हणजे एकही जखम कोरडी राहत नाही. उपचार घेऊनही रेबीज झाल्याची जी मोजकी उदाहरणं आहेत, त्यांत कुठली तरी एक जखम सुटून गेल्याचं अनेकदा आढळतं. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी मुलाला चांगल्या उजेडात बसवा. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, कोपर, पोटऱ्या, केसांतली कातडी सगळं बघा. मुलं रागावतील या भीतीने एखादा ओरखडा लपवतात, किंवा त्यांना तो आठवतही नसतो.

उरलेलं सीरम पूर्वी मांडीत टोचून टाकत. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ते बदललं : जखमांत जेवढं मावेल तेवढं द्या, उरलेलं दूर कुठेतरी टोचून फारसा फायदा नाही. मुलाने न सांगितलेली बारीक जखम असण्याची दाट शंका असेल, तर त्या भागाच्या जवळ स्नायूत देतात, हा अपवाद. तेव्हा डॉक्टरांनी कुपीतलं थोडंच वापरलं तर "आम्हाला कमी दिलं" असं वाटून घेऊ नका. तुम्ही लक्ष ठेवायचं ते एवढ्यावर, की ते जखमेत गेलं का. "मांडीत दिलंय सीरम, झालं," असं सांगून कुणी घरी पाठवत असेल, तर तिथेच थांबून जखमेतही द्यायला सांगा.

यजमानांची भीती निराधार नाही, जुनी मात्र आहे. घोड्याचं सीरम आता शुद्ध करून वापरतात आणि तीव्र अ‍ॅलर्जी क्वचितच येते. आधी कातडीवर चाचणी करायची प्रथा अजून काही ठिकाणी आहे, पण रिअ‍ॅक्शन कुणाला येईल हे त्या चाचणीवरून धड कळत नाही. खरी काळजी घ्यायची ती अशी, की अ‍ॅड्रेनॅलिन आणि ते देणारा माणूस हाताशी असेल अशाच ठिकाणी सीरम घ्यावं आणि नंतर तासभर तिथेच बसावं. आठवडाभराने अंगावर पुरळ, थोडा ताप, सांधेदुखी होऊ शकते. ती बहुधा आपोआप जाते, तरी झाली तर दाखवा. मुलाला आधी कधी घोड्याचं सीरम दिलेलं असेल, किंवा त्याला अ‍ॅलर्जीचा मोठा त्रास असेल, तर ते आवर्जून सांगा आणि माणसाचं किंवा प्रयोगशाळेतलं औषध मिळतं का विचारा. पण ते मिळेपर्यंत थांबू आणि तोवर काहीच नको, हा मार्ग मला मान्य नाही.

सासूबाईंना वाटतं पिल्लू लहान म्हणून सुरक्षित. खरं तर पिल्लाला रेबीज होऊ शकतो. त्याची आई किंवा टोळीतलं दुसरं कुत्रं त्याला चावलेलं असू शकतं. कुत्र्यांना ही लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला देतात, म्हणजे एवढ्याशा पिल्लाला ती मिळालेलीच नसते. आणि पिसाळलेलं कुत्रं म्हणजे तोंडातून फेस काढत धावणारं, हे चित्रही अर्धंच आहे. एखादं नुसतं मलूल होऊन कोपऱ्यात पडतं, गिळता येत नाही म्हणून त्याची लाळ गळते, खालचा जबडा लोंबतो.

पिल्लावर नजर ठेवण्याचा जो नियम आहे, तो मुळात चांगला आहे. कुत्रा किंवा मांजर चावल्यावर दहा दिवस जिवंत आणि ठणठणीत राहिलं, तर चावण्याच्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं, कारण लाळेत विषाणू येऊ लागला की थोड्याच दिवसांत ते आजारी पडून मरतं. असं दहा दिवस दिसलं तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. पण हे फक्त कुत्र्या-मांजरापुरतंच, माकड, मुंगूस, कोल्हा, वटवाघूळ यांना नाही. आणि हे दहा दिवस उपचार चालू ठेवून मोजायचे, आधी मोजून मग उपचार सुरू करायचे नाहीत. तुमचं पिल्लू दुसऱ्या दिवसानंतर दिसेनासं झालंय. ते कुणी उचलून नेलं असेल, गाडीखाली गेलं असेल, किंवा आजारी पडून कुठे तरी पडलं असेल. त्यामुळे दहा दिवसांचा आधार तुमच्यापुरता संपला. ते पुढच्या रविवारी खेळताना दिसलं, तर डॉक्टरांना जरूर सांगा. मात्र तेच पिल्लू आहे याची खात्री असली पाहिजे, सारख्या रंगाची भावंडं असतात.

इंजेक्शनांचा फरक पद्धतीचा आहे, चूक कुणाचीच नाही. शेजारच्या मुलीला लस कातडीत दिली होती : एका वेळी दोन जागी 0.1 मिलिलिटर. नीट दिली की तिथे लगेच संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, फिकट फुगवटा दिसतो. तो आला नाही तर लस खाली उतरली असं समजून शेजारच्या जागी पुन्हा देतात. तुमच्या मुलाला स्नायूत पूर्ण कुपी देत आहेत. ही पद्धत तितकीच चांगली आहे. स्नायूतल्या लसीचं जुनं वेळापत्रक 0, 3, 7, 14, 28 व्या दिवशी असं पाच डोसांचं आहे. काही देशांत शेवटचा डोस गाळून चारवर आणलं आहे. कातडीतली लस 0, 3, 7 आणि काही ठिकाणी 28 व्या दिवशीही देतात. मुलाच्या कार्डावर ज्या तारखा लिहिल्या आहेत त्या पाळा, शेजारच्या कार्डाशी ताडू नका. स्नायूतली लस दंडात देतात, अगदी तान्ह्या मुलांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही. सीरम आणि लस एका सिरिंजमध्ये मिसळत नाहीत आणि एकाच जागी देत नाहीत. एखादी तारीख चुकली तर दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या आणि तिथून पुढे चला, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

आणि आता तुमचं बोट. पत्रात तुम्ही ते शेवटी, जाता जाता लिहिलंत, पण मी तिथेच थबकलो. फुटलेल्या कातडीला लाळ लागणं हीही तिसरीच श्रेणी. सुरीचा काप तेव्हा ताजा असेल, कडा मिटलेल्या नसतील, तर चावा नसला तरी तुम्हाला लस आणि त्या कापात सीरम, दोन्ही लागतील. काप पूर्ण भरून वर कोरी कातडी आलेली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरांनी बघून ठरवायचं, आपण आठवून नाही. तुम्ही अजून लसच घेतलेली नाही, म्हणून तुमचा शून्य दिवस ज्या दिवशी लस घ्याल तो. सीरम तेव्हाच, लसीबरोबर. मुलाची मुदत रविवारी संपते, तुमची सुरूही झालेली नाही. पण याचा अर्थ सवड आहे असा नाही, चार दिवस आधीच गेले आहेत. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तरी यातलं काहीही टाळत नाहीत. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घरात कुणाला चालू असतील आणि त्यालाही पिल्लू लागलं असेल, तर ते सांगा. अशांना दुसऱ्या श्रेणीच्या जखमेलाही सीरम देतात.

हात धुण्याबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिलात, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते. नळ सोडून, घड्याळ लावून. या विषाणूचं वरचं आवरण स्निग्ध असतं, ते साबणाने फुटतं. पंधरा मिनिटं हात धरून ठेवताना मूल रडेल, दोन मिनिटांत "झालं" म्हणावंसं वाटेल. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावायचं. कुठलाही लेप, पूड, तेल नको, डागणं नको, आणि घट्ट पट्टीही नको. जखम फाटलेली असली तरी लगेच टाके घालत नाहीत. घालणं भागच असेल तर आधी सीरम, मग काही तास थांबून सैल टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जंतुसंसर्गाचं औषध लागेल का, हेही त्याच भेटीत विचारा, कारण बोटाची छिद्रं सहज पिकतात. बोट सुजून लाल झालं, ठणकायला लागलं, वाकेनासं झालं, तर पुढच्या डोसाची वाट पाहू नका.

समजा सगळीकडे फोन करूनही रविवारपर्यंत सीरम मिळालंच नाही. तर घाबरून लस सोडू नका. नीट धुतलेली जखम आणि वेळेवर पूर्ण केलेली लस यांनी बहुतेक लोक वाचतात. सीरम ती उरलेली फट बुजवतं. पण फोन करताना "रेबीजचं इंजेक्शन आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतील आणि लस दाखवतील. "जखमेत द्यायचं रेबीज इम्युनोग्लोब्युलिन आत्ता फ्रिजमध्ये आहे का, आणि मुलांच्या बोटात देणारे डॉक्टर आहेत का," असं विचारा. जाताना लसीचं कार्ड न्या, त्यावर पहिल्या डोसाची तारीख आहे. सीरम दिल्यावर त्याचं नाव, बॅच नंबर, किती मिलिलिटर आणि कुठल्या जखमांत दिलं, हे त्याच कार्डावर लिहून घ्या. तुमच्यासाठी वेगळं कार्ड करा. पुढे कधी पुन्हा कुत्रं चावलं, तर पूर्ण कोर्स झाल्याची लेखी नोंद दाखवली की सीरम लागत नाही, शून्य आणि तिसऱ्या दिवशी लसीचे दोनच डोस पुरतात. नोंद नसेल तर मात्र सगळं पहिल्यापासून.